केस म्हणजे चढायचं स्टेशन, ब्रेक म्हणजे उतरायचं

माझी मावसबहीण निपाणीला असते, डिप्लोमाला आहे, आणि तिच्या एमसीक्यू टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस माझा फोन काही शांत नसतोय. परवा रात्री साडेनवाला एका प्रश्नाचा फोटो आला, प्रॅक्टिस पेपरातला, खाली पेननं गोल केलेलं उत्तर आणि त्याच्यावर फुली. मागोमाग व्हॉइस नोट, "दादा, हे 10 यायला पाहिजे की, ह्यांच्या चावीत 110 दिलंय, चावीच चुकली काय बघ की."

प्रश्न सी भाषेतल्या स्विचचा होता, आउटपुट काय येईल?

```c
int x = 5, s = 0;
switch (x) {
    case 1:  s += 1;
    default: s += 10;
    case 2:  s += 100;
             break;
    case 3:  s += 1000;
}
printf("%d", s);
```

पर्याय चार: 10, 110, 111, 1110.

चावी बरोबरच होती. पण तिचं 10 कुठनं आलं ते मला लगेच कळलं, कारण मीपण कॉलेजात असताना हेच उत्तर गोल केलेलं, आणि सरांनी नुसतं "ब्रेक नाही बघ" म्हणून पेपर परत टाकलेला. ब्रेक नाही हे मलापण दिसत होतं की. ब्रेक नसल्यावर नेमकं काय होतंय हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि तोच सगळा घोळ आहे.

घोळाचं मूळ कुठं आहे तर स्विच शिकवतानाच्या पहिल्या वाक्यात. "स्विच म्हणजे इफ-एल्स लॅडरचंच सुटसुटीत रूप" असं आपल्याला सांगतात, वहीत पहिल्या ओळीत लिहून देतात, आणि मग आपण स्विचकडं बघताना डोक्यात लॅडरच बघतो. लॅडरमध्ये प्रत्येक अटीला स्वतःचे कंस असतात, एका कंसातलं काम झालं की उरलेलं सगळं सोडून गडी थेट खाली जातोय. स्विचमध्ये तसं काही नसतंय. नीट मोजून बघा, वरच्या कोडमध्ये महिरपी कंसांची जोडी एकच आहे, सगळ्या केसना मिळून एक. `case 1:` नंतर कंस उघडत नाही आणि `default:` च्या आधी कुठला कंस बंद होत नाही. आपण कोड लिहिताना आत सरकवून, रांगेत लावून लिहितो म्हणून डोळ्याला ते वेगवेगळे खण दिसतात, पण कंपायलरला ती मोकळी जागा दिसतच नाही, त्याच्या लेखी आत फक्त एकाखाली एक ओळी आहेत आणि मध्ये मध्ये पाट्या लावलेल्या आहेत.

पाट्या म्हणजे कशा, तर बेळगावहून लोंढ्याला जाणारी पॅसेंजर डोळ्यासमोर आणा. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, मग लोंढा. तुम्ही खानापुरात चढलात तर देसूर आणि इदलहोंड तुमच्यासाठी नाहीतच, ती मागं गेली. पण गुंजी? ते येणारच. गाडीला काय माहीत तुम्हाला कुठं उतरायचंय, तुम्ही स्वतः उठून उतरत नाही तोवर ती पुढचं स्टेशन घेत राहते. केस म्हणजे चढायचं स्टेशन. ब्रेक म्हणजे उतरणं. उतरला नाहीत तर लोंढ्यापर्यंत, म्हणजे स्विचच्या शेवटच्या कंसापर्यंत, फुकट प्रवास. आणि चालत्या गाडीतनं गुंजीची पाटी दिसली म्हणून गाडी तुम्हाला विचारत नाही "तुम्ही गुंजीचे काय?", पाटी नुसती बाजूनं निघून जाते. ह्यालाच फॉल-थ्रू म्हणतात.

आता एवढं कळल्यावर तिनं दुसऱ्या मिनिटाला विचारलं, "मग 5 साठी सुरुवात कुठनं?" हा खरा प्रश्न, कारण 5 नावाचं स्टेशनच नाही. स्विच दोन वेगळ्या टप्प्यांत चालतंय आणि हे दोन टप्पे डोक्यात एकमेकांत मिसळले की उत्तर हमखास चुकतंय.

पहिला टप्पा शोधायचा. ह्यात एकही ओळ चालत नाही, नुसत्या पाट्या बघायच्या, सगळ्या, शेवटपर्यंत. x ची किंमत कुठल्या केसशी जुळते काय? जुळली तर ती आपली चढायची जागा. एकही जुळली नाही तरच, आणि सगळ्या बघून झाल्यावरच, डिफॉल्टची पाटी शोधायची. डिफॉल्ट वर लिहिलंय, मध्ये लिहिलंय की शेवटाला, ह्यानं शोधाशोधीत काडीचा फरक पडत नाही, तो नेहमी शेवटचाच पर्याय असतो. (इथं रेल्वेचं उदाहरण लंगडं पडतंय, कारण कुठल्याच स्टेशनवर नसलेल्या माणसाला आपणहून नेऊन एका ठरलेल्या स्टेशनवर बसवायची सोय रेल्वेत अजून आलेली नाही.) डिफॉल्टपण नसला तर अख्खा स्विच सोडून थेट खाली, काहीच न करता.

दुसरा टप्पा चालायचा. चढायची जागा मिळाली की पाट्यांचं काम संपलं. आता त्या जागेपासून खाली ओळीनं चालायचं आणि वाटेत येणाऱ्या केस, डिफॉल्ट सगळ्या पाट्यांकडं काणाडोळा करायचा. डिफॉल्टची जागा महत्त्वाची होते ती इथं, कारण तो मध्ये असला तर त्याच्या खालच्या केसपण चालणार.

पेपरात हे करायची माझी पद्धत एकदम गावठी आहे. x ची किंमत बघायची, चढायच्या पाटीसमोर टिक करायची, टिकच्या वरचं सगळं पेन्सिलनं उभी रेघ मारून उडवायचं, आणि टिकच्या खाली जेवढे `case` आणि `default` शब्द दिसतील ते कोलनसकट खोडायचे. मग कागदावर उरतंय ते असं:

```c
s += 10;
s += 100;
break;
```

ब्रेकच्या खाली बघायचंच नाही. 10 अधिक 100, उत्तर 110. एवढं खोडून दाखवल्यावर पलीकडनं नुसतं "अय्या" आलं.

पण मी तिला तिथं सोडलं नाही, कारण ह्या प्रश्नात मजा उत्तरापेक्षा बाकीच्या तीन पर्यायांत आहे. चांगला पेपर काढणारा माणूस चुकीचे पर्याय हवेतनं काढत नाही, प्रत्येक चुकीच्या पर्यायामागं एक ठरलेला गैरसमज असतो आणि तो तुमचीच वाट बघत बसलेला असतो. 10 कुणाचं? प्रत्येक केसला स्वतंत्र खण समजणाऱ्याचं, म्हणजे आमच्या बाईसाहेबांचं. 111 कुणाचं? "ब्रेक नसला की सगळं चालतंय" एवढंच अर्धवट पाठ करून आलेल्याचं. तो वरून सुरुवात करतो, केस 1 पण चालवतो, पण चढण्याच्या आधीची स्टेशनं कधीच येत नसतात हे विसरतो. 1110 कुणाचं? त्याला फॉल-थ्रू कळलंय, सुरुवातपण बरोबर डिफॉल्टपासून केली, पण उड्या मारत खाली जाताना मधला एक ब्रेक नजरेतनं सुटला. तीन पर्याय, तीन वेगळे आजार.

आणि प्रश्न काढणाऱ्यानं 1, 10, 100, 1000 असे आकडे उगाच घेतलेले नाहीत. असे आकडे घेतले की शेवटची बेरीजच सांगते कुठल्या ओळी चालल्या, एकं स्थानी 1 म्हणजे पहिली ओळ चालली, दहं स्थानी 1 म्हणजे दुसरी, असं. हे मी माझ्या कामातपण वापरतो, कुठल्या वाटेनं कोड गेला कळत नसलं की प्रत्येक वाटेला दहाचा एक घात द्यायचा आणि शेवटी एक आकडा छापायचा.

मग मी तिला तोच कोड ठेवून x बदलून दिला. x जर 1 असला तर? 1, मग डिफॉल्टची पाटी दुर्लक्ष करून 10, मग 100, ब्रेक, म्हणजे 111. इथं अर्धवट पाठ केलेलाही बरोबर ठरतो, नशीब. x जर 2 असला तर नुसतं 100. आणि x जर 3 असला तर? इथं ती थांबली आणि म्हणाली, "वरून बघत येताना डिफॉल्ट आधी लागतोय, मग तिथंच शिरणार की, 110." नाही. हाच तो मिसळलेला टप्पा. आधी सगळ्या पाट्या बघायच्या, शेवटची पाटी 3 ची आहे, जुळली, तिथंच चढायचं. 1000. त्याच्या पुढं ब्रेक नाही पण कंस आहे, लोंढा आलं, सगळे आपोआप उतरले. म्हणून शेवटच्या केसला ब्रेक नसला तरी बिघडत नाही, पण उद्या कुणी त्याच्या खाली नवीन केस वाढवली की बिघडतंय, तेव्हा तिथंपण लिहायची सवय ठेवलेली बरी.

एवढा वेडेपणा भाषेत ठेवलाच कशाला, हा तिचा पुढचा प्रश्न, आणि रास्त आहे. सी मध्ये केस ही खरोखरच पाटी आहे, म्हणजे गोटू ज्या लेबलवर उडी मारतो त्याच जातीची. स्विचचं काम एवढंच, की किंमत बघून बरोबर पाटीवर उडी मारायची. कंपायलर बऱ्याचदा ह्याचं एक टेबलच करून ठेवतो, अमुक किंमत असली तर अमुक पत्त्यावर जा, एकेक अट तपासत बसायची गरज नाही. एकदा उडी मारली की प्रोसेसर त्याच्या स्वभावाप्रमाणं पुढची ओळ, मग तिच्या पुढची असं चालत राहतो. "इथं थांब" हे वेगळं सांगावं लागतं आणि ते सांगणं म्हणजे ब्रेक, जो खाली कंसाबाहेर उडी मारायची ऑर्डर आहे. म्हणूनच केसपुढं फक्त पक्का पूर्णांक चालतो, `case 3:` चालतं, `case 'A':` चालतं कारण तोही आतनं 65 च आहे, पण `case x:` किंवा `case 2.5:` लिहिलं की एरर. आणि एकच किंमत दोन केसना दिली तरी एरर, दोन स्टेशनना एकच नाव दिल्यावर तिकीट कुठलं फाडायचं.

फॉल-थ्रूचा फायदापण आहे, आणि तो रोज वापरतात. महिन्याचे दिवस काढायचे असले (लीप वर्ष सोडून देऊ) तर:

```c
switch (m) {
    case 4: case 6: case 9: case 11:
        d = 30; break;
    case 2:
        d = 28; break;
    default:
        d = 31;
}
```

चार पाट्या एकाच फलाटावर. `case 4:` नंतर काहीच नाही, एरर येईल, असा पर्याय पेपरात असतो आणि पोरं फसतात, एरर येत नाही, एप्रिलवाला 6, 9, 11 च्या पाट्या ओलांडून खालच्या ओळीवर येतो एवढंच.

ह्याच कोडवर मी तिला थोडं थांबवलं कारण पेपरापेक्षा खऱ्या कामात हे जास्त चावतंय. समजा पहिला ब्रेक लिहायचा राहिला. एप्रिलचे दिवस किती? d आधी 30 झाला, पाटी ओलांडली, d झाला 28, मग ब्रेक. एप्रिल 28 दिवसांचा! पहिला ब्रेक आहे आणि दुसरा राहिला, तर फेब्रुवारी 31 दिवसांचा. दोन्ही राहिले तर वर्षातले सगळे महिने 31. आता बघा, ह्या तिन्ही वेळी स्क्रीनवर काय दिसतंय? एक आकडा, नीटनेटका. केसमध्ये `printf` असला आणि ब्रेक राहिला तर दोन-तीन ओळी जास्त छापून येतात, पोरगंपण ओळखतंय की काहीतरी बिनसलंय. पण केसमध्ये `=` असला तर मागची किंमत गुपचूप पुसून पुढची बसते, सगळ्यात शेवटी जी ओळ चालली तीच जिंकते आणि मधल्या गोंधळाचा माग राहत नाही. एमसीक्यूमध्येपण हे लक्षात ठेवायचं, `printf` असला तर सगळी आउटपुटं जोडून लिहायची, `+=` असला तर बेरीज, आणि नुसता `=` असला तर चालायची वाट काढून तिच्यातली फक्त शेवटची ओळ बघायची. घाईत असाल तर तिसरा प्रकार सगळ्यात लवकर सुटतो.

आता पुढची पायरी, जिथं पेपर काढणारे खरे उतरतात: स्विचला लूपमध्ये बसवायचं. मी तिला हा लिहून पाठवला:

```c
int i, s = 0;
for (i = 1; i <= 4; i++) {
    switch (i) {
        case 1:  s += 1;
        case 2:  s += 10;  break;
        case 3:  s += 100; continue;
        default: s += 1000;
    }
    s += 5;
}
printf("%d", s);
```

ब्रेक हा आपल्याला सगळ्यात जवळून वेढणाऱ्या स्विचमधनं किंवा लूपमधनं बाहेर काढतो, दोन्हीतलं जे आतलं असेल ते. इथं आतलं आहे स्विच, म्हणजे ब्रेकनं फक्त स्विच सुटतो, लूप चालूच राहतो. कंटिन्यूला मात्र स्विच ओळखीचाच नाही, तो फक्त लूपचं ऐकतो, म्हणून स्विचच्या आतनं कंटिन्यू केलं की स्विचबरोबर खालचं `s += 5` पण सुटतं आणि थेट पुढची फेरी.

चालवून बघू. i 1 असताना 1, खाली पडून 10, ब्रेक, s झाला 11, स्विचबाहेर 5, म्हणजे 16. i 2 असताना 10 आणि 5, म्हणजे 31. i 3 असताना 100, s 131, कंटिन्यूनं 5 हुकले. i 4 असताना डिफॉल्ट, 1131, मग 5 मिळून 1136. उत्तर 1136. आणि पर्यायांत 11 असणारच, ते ब्रेकनं लूप संपला असं समजणाऱ्यासाठी राखून ठेवलेलं, आणि 1141 असणार, ते कंटिन्यूला ब्रेकचाच भाऊ समजणाऱ्यासाठी. तिनं 1141 सांगितलं. मी म्हटलं 11 नाही सांगितलंस हे काय कमी आहे.

ब्रेक कुणाला सोडून जातो ह्याची एक मोठी गोष्ट आहे, ती मी सांगितल्याशिवाय राहत नाही. 15 जानेवारी 1990 ला अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचं लांब पल्ल्याच्या फोनचं जाळं जवळजवळ 9 तास कोलमडलं होतं, एक एक्स्चेंज बंद पडून परत चालू झालं की त्याच्या मेसेजनं शेजारचं एक्स्चेंज पडायचं आणि असं एकमेकांना पाडत 114 एक्स्चेंजांत ते पसरलं. कारण निघालं सी मधल्या एका ब्रेकचं. स्विचच्या आत एक इफ होता आणि त्या इफच्या आत ब्रेक. लिहिणाऱ्याच्या मनात बाहेर पडायचं होतं ते इफमधनं, पण इफला ब्रेक लागूच नसतो, त्याला तो दिसतच नाही, ब्रेकनं आपला जवळचा स्विच गाठला आणि त्याच्यातनं बाहेर पडला, मधलं जे काम व्हायला हवं होतं ते राहून गेलं. तेव्हा पेपरात केसच्या आत `if (...) break;` दिसलं तर इफकडं दुर्लक्ष करून विचारायचं, अट खरी ठरली तर स्विच सुटला, खोटी ठरली तर खाली पडणं चालू. अर्धा ब्रेक म्हणा त्याला.

"एवढं असतंय तर कंपायलर बोंब मारत नाही काय?" हे तिनं विचारलं आणि मला हसू आलं, कारण आमच्या वेळी लॅबमध्ये निळ्या स्क्रीनचा टर्बो सी असायचा, तो ह्या बाबतीत चकार शब्द काढायचा नाही. आताचा `gcc` सुद्धा आपणहून काढत नाही. नुसतं `-Wall` लावलं तरी नाही, नाव "ऑल" असलं तरी फॉल-थ्रूची वॉर्निंग त्यात येत नाही. `-Wextra` लावावं लागतंय किंवा थेट `-Wimplicit-fallthrough`, आणि ती सोय 2017 च्या `gcc` 7 पासूनची आहे. एका पाटीखाली दुसरी पाटी, मध्ये काही नाही, अशा महिन्यांसारख्या ठिकाणी ती गप्प बसते, ओळ चालून मग पुढच्या केसमध्ये घसरलं तरच बोलते. मुद्दाम घसरायचं असेल तर तिथं `/* fall through */` अशी कॉमेंट टाकायची, ती वाचून `gcc` गप्प होतो, आणि मागून वाचणाऱ्या माणसालापण कळतं की हे विसरलेलं नाही, ठेवलेलं आहे. वॉर्निंग आली तरी ती एरर नव्हे, प्रोग्राम चालतोच, म्हणून "कंपाइल एरर" हा पर्याय सी मध्ये नुसत्या राहिलेल्या ब्रेकसाठी कधीच गोल करू नका.

दुसऱ्या भाषा पेपरात असल्या तर मात्र जपून. जावाचा जुना कोलनवाला स्विच सीसारखाच घसरतो, पण 2020 च्या जावा 14 पासून बाणाची `case 1 ->` अशी पद्धत आली ती घसरत नाही. सी शार्पमध्ये काम असलेली केस ब्रेकशिवाय तशीच उघडी सोडली की सरळ एरर, तिथं वरचा पर्याय बरोबर. गो भाषेत उलटं, ब्रेक लिहायची गरजच नाही, घसरायचं असलं तर `fallthrough` असं लिहून मागावं लागतं. म्हणजे प्रश्नाच्या डोक्यावर भाषेचं नाव काय आहे ते आधी वाचायचं, बऱ्याच जणांचा मार्क तिथंच जातो.

साडेदहा वाजून गेलेले, मला वाटलं झालं, झोपेल आता. पंधरा मिनिटांनी तिचा एक फोटो आला, वहीत स्वतःच्या अक्षरात नाही, लॅपटॉपवर टाइप केलेला, आणि खाली "आता तू सांग दादा, घड्याळ लावून, वीस सेकंद":

```c
int x = 2, s = 0;
switch (x) {
    case 1:  s += 1;
    case2:   s += 10;
    case 3:  s += 100;
    defualt: s += 1000;
}
printf("%d", s);
```

मी आडवा पडल्या पडल्या बघितलं, एकपण ब्रेक नाही, x आहे 2, दोन नंबरला चढायचं आणि लोंढ्यापर्यंत जायचं, 10, 100, 1000. लिहून टाकलं 1110, वरनं एक अंगठा.

उत्तर आलं, "0."

मी उठून बसलो. परत बघितलं तेव्हा दिसलं. `case2` मध्ये जागा सुटलेली नाही, आणि `defualt` चं स्पेलिंग बघा. सी ला ह्या दोन्ही गोष्टी चुका वाटत नाहीत, कारण कुठल्याही नावापुढं कोलन टाकला की ते गोटूसाठीचं साधं लेबल होतंय, `case2` नावाचं एक आणि `defualt` नावाचं एक. स्विचच्या शोधाशोधीत त्यांना पाटी म्हणून किंमत नाही. खऱ्या पाट्या दोनच, 1 आणि 3. x आहे 2, जुळलं काही नाही, डिफॉल्ट नाहीच, अख्खा स्विच सोडून खाली, s आहे तसाच 0. x जर 1 असता तर मात्र चारही ओळी चालल्या असत्या आणि 1111 आलं असतं, कारण चालताना खोट्या पाट्यापण खऱ्यांसारख्याच नुसत्या ओलांडल्या जातात.

मी तिला म्हटलं हे `-Wall` लावून चालव, इथं तो बोलेल. दोन मिनिटांनी स्क्रीनशॉट आला, `label 'case2' defined but not used`, खाली `defualt` साठी तसलीच दुसरी ओळ, आणि त्याच्या खाली तिचा मेसेज, "हे मी चुकून टाइप केलेलं, आउटपुट 0 आल्यावर कळलं, मग तुला पाठवलं."